पाइपांचा कागदोपत्री बेळगाव दौरा

माझं कोल्हापुरात लोखंडी पाइपांचं छोटं दुकान आहे. बेळगावच्या अण्णांचा फोन आला, "लाखाचा माल पाठवा. बिल माझ्या नावे करा, माल मात्र इचलकरंजीला उतरवा. तिथल्या माझ्या गिऱ्हाइकाला हवाय."

कोल्हापूर ते इचलकरंजी हा सगळा रस्ता महाराष्ट्रातला. तरी मी बिलावर १८ टक्क्यांनी १८,००० रुपये आयजीएसटी लावला. टेम्पोवाल्याने बिल वाचलं आणि म्हणाला, "मालक, हा परराज्याचा टॅक्स. कर्नाटकात जायचं असेल तर भाडं वाढवून द्या."

त्याची चूक नाही. टॅक्स पुरवठ्याच्या ठिकाणावरून ठरतो: ते परराज्यात असेल तर आयजीएसटी, आपल्याच राज्यात असेल तर सीजीएसटी अधिक एसजीएसटी. एरवी माल जिथे पोचतो तेच पुरवठ्याचं ठिकाण. पण ऑर्डर एकाची आणि माल दुसऱ्याच्या दारात, असं झालं की आयजीएसटी कायद्याचं कलम १०(१)(ख) पुढे येतं. माल ऑर्डर देणाऱ्यालाच मिळाला असं ते मानतं आणि त्याचं मुख्य व्यवसायाचं ठिकाण हेच पुरवठ्याचं ठिकाण धरतं. म्हणजे माझे पाइप कायद्याच्या डोळ्यांनी बेळगावला जाऊन, चहा पिऊन इचलकरंजीला परतले. अण्णा त्या गिऱ्हाइकाला वेगळं बिल करणार, कर्नाटकातून महाराष्ट्रात, त्यावरही आयजीएसटीच. एकाच टेम्पोतला माल राज्याबाहेर न जाता दोनदा सीमा ओलांडतो!

उलटंही होतं. आमच्याच पेठेतल्या ठेकेदाराने, जीएसटी नंबर महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा, बिल स्वतःच्या नावे करून माल बेळगावच्या आपल्या गिऱ्हाइकाकडे उतरवायला सांगितला. टेम्पो खरोखर कागल सोडून पलीकडे गेला, आणि बिलावर सीजीएसटी ९,००० अधिक एसजीएसटी ९,०००. हाच टेम्पोवाला तेव्हा म्हणाला, "आता जातोय, तर टॅक्स गावातला?" त्याने माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलं.

बेरीज दोन्हीकडे १८,०००च, मग एवढी कटकट कशाला? कारण अण्णांची नोंदणी कर्नाटकातली. महाराष्ट्राचा एसजीएसटी त्यांना तिथे क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतःच्या करातून वजा करायला, वापरता येत नाही, आयजीएसटी येतो. आमच्या शेजारच्या दुकानदाराने असाच माल 'जवळच तर आहे' म्हणून सीजीएसटी-एसजीएसटी लावून पाठवला आणि करही भरून टाकला. तिकडच्या पार्टीचं क्रेडिट अडलं, मग फोनवर कानडी-मराठी दोन्ही भाषांत उद्धार झाला. आता त्याला आयजीएसटीचे पूर्ण १८,००० नव्याने भरायचे आहेत. व्याज लागत नाही, ही सरकारची माया. आधीचे १८,००० मात्र आपोआप वळते होत नाहीत. योग्य कर भरल्यापासून दोन वर्षांच्या आत परताव्याचा अर्ज करायचा, आणि तोवर भांडवल अडकलेलं.

हल्ली मी ई-वे बिलात 'बिल टू - शिप टू' निवडतो. बिलाचा पत्ता बेळगाव, उतरवायचा इचलकरंजी. फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "बिल कुणाच्या नंबरवर?" टेम्पोवाल्याला बिल पाकिटात बंद करून देतो.