जाहिरातीतला 'सेल्फ-स्टार्टर' आणि डीलरकडची जुनी उधारी

बी.एस्सी. ॲग्री करून नोकरी शोधणाऱ्या आपल्या दिग्रस-दारव्ह्याकडच्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं विकतो, त्यामुळे कंपन्यांची सेल्सची पोरं रोजच दुकानात येऊन बसतात. बहुतेक शेतकऱ्यांच्याच घरची, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाखालच्या कॉलेजांत शिकलेली. काही कंपन्यांचा माणूस वर्षानुवर्षं तोच असतो. काही कंपन्यांचा मात्र खरीप संपायच्या आत बदललेला असतो. नवीन पोरगा आला की मी त्याला ती नोकरीची जाहिरात दाखवायला सांगतो. पोरं टिकत नाहीत त्या कंपन्यांच्या जाहिरातीत तीनच शब्द पुन्हा पुन्हा दिसतात: सेल्फ-स्टार्टर, फास्ट-पेस्ड एन्व्हायर्नमेंट आणि रॉकस्टार. आपली पोरं हे शब्द वाचून 'मी असा आहे का?' असं स्वतःला विचारतात. माझं म्हणणं आहे की प्रश्न कंपनीला विचारायचा. तिथं काय मिळणार नाही, ते या शब्दांतून बरंच कळतं.

सगळ्यात जास्त नुकसान 'सेल्फ-स्टार्टर' या शब्दानं होताना मी पाहिलं आहे. गेल्या खरिपाआधी एक पोरगा एका कीटकनाशक कंपनीत लागला. जाहिरातीत लिहिलं होतं, सेल्फ-स्टार्टर हवा, टेरिटरीची पूर्ण ओनरशिप घेणारा हवा. त्याला वाटलं, आपल्यावर विश्वास टाकताहेत. रुजू झाला त्या दिवशी व्हॉट्सॲपवर दरपत्रक आलं, डीलरांची यादी आली, महिन्याचं टार्गेट आलं. साहेब नागपूरला. सोबत येऊन एकाही डीलरशी ओळख करून दिली नाही. कोणतं औषध कोणत्या अळीवर, एकरी किती, कशात मिसळायचं नाही, हे त्यानं लेबल वाचून आणि आम्हा दुकानदारांना विचारून शिकून घेतलं.

खरी अडचण पुढं आली. त्याच्या आधीच्या माणसानं मार्च संपता संपता टार्गेट भरायला डीलरांच्या दुकानात माल टाकून ठेवला होता. आमच्या धंद्यात याला प्लेसमेंट म्हणतात. माल दुकानातून शेतकऱ्याच्या घरी गेला की ते लिक्विडेशन. कंपनीच्या कागदावर प्लेसमेंट झालं की विक्री झाली. डीलरच्या दुकानात मात्र खोके तसेच पडून, आणि पैसे थकलेले. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि ती सगळी उधारी या पोराच्या नावावर चढली. जुना माल उचलून न्या म्हणून डीलर अडलेला, जुनी वसुली आल्याशिवाय नवा माल सोडत नाही म्हणून कंपनी अडलेली. नवा माल नाही तर टार्गेट नाही, आणि टार्गेट नाही तर इन्सेंटिव्ह नाही. एक दिवस दुकानात बसून म्हणाला, "काका, हे मले पयलेच सांगाले पायजे होतं ना. म्या विकलेला मालच नाही हा." बरोबर होतं त्याचं. ओनरशिप म्हणजे काय, तर दुसऱ्यानं केलेल्या उधारीची वसुली, हे जाहिरातीत कुठं लिहिलेलं असतं? पोळ्याच्या आधीच त्यानं काम सोडलं. घरी मात्र 'पोरगं टिकलं नाही' असंच बोललं गेलं, आणि मला त्याचा फार राग येतो.

म्हणून सेल्फ-स्टार्टर दिसलं की मुलाखतीत सरळ विचारा: पहिला महिना माझ्यासोबत फील्डवर कोण फिरेल? या टेरिटरीत आज थकबाकी किती आहे आणि ती माझ्या टार्गेटात धरणार का? चांगल्या कंपनीचा साहेब आकडा सांगतो. वसुलीचं वेगळं बघू, आधी डीलर समजून घे, असं म्हणणारे साहेबही मी पाहिले आहेत. त्यांची पोरं टिकतात.

फास्ट-पेस्डचं थोडं वेगळं आहे. आपल्या भागात खरिपात घाई असतेच. पाऊस पडला की कपाशी, सोयाबीन, तुरीचं बियाणं लोकांना लगेच हवं असतं, मागोमाग फवारणी सुरू होते. जून ते सप्टेंबर कुणालाच उसंत नसते, मलाही नसते. ही घाई पिकाची आहे, आणि प्रामाणिक कंपनी तसं लिहिते: हंगामात काम जास्त, नंतर सुट्टी. दुसरी घाई माणसं कमी असल्याची असते, ती जानेवारीतही संपत नाही. ओळखायचं कसं? मागच्या हंगामात या जिल्ह्यात तुमची किती माणसं होती आणि आता किती आहेत, एवढं विचारा. जागा रिकामी राहिली आणि तिचे तालुके तुमच्या तालुक्यांना जोडले, तर मोटारसायकल रोज कुठून कुठे जाईल याचा हिशोब करा. पेट्रोलचे पैसे किलोमीटरवर मिळतात की महिन्याला ठरलेली रक्कम, हेही तेव्हाच विचारा. ठरलेली रक्कम असेल तर जोडलेल्या तालुक्याचं पेट्रोल तुमच्या खिशातून जातं.

रॉकस्टार या शब्दावर मी कमी लिहितो, कारण तो लिहिणाऱ्यालाही त्यातून काय हवं ते धड सांगता येत नाही. माझ्या अनुभवात तो बहुतेक इन्सेंटिव्हच्या मोठ्या आकड्याशेजारी असतो आणि पक्का पगार छोटा असतो किंवा लिहिलेलाच नसतो. पण एक गोष्ट सांगायला हवी. अशी मर्दानी, चढाओढीची भाषा वाचून मुली मागं सरतात. डॅनिएल गॉशर, जस्टिन फ्रीसन आणि ॲरन के यांनी 2011 साली यावर संशोधन प्रसिद्ध केलं. स्पर्धा, वर्चस्व अशा वळणाचे शब्द जास्त असलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आवडल्या. आपल्याला काम जमणार नाही असं त्यांना वाटलं नव्हतं. तिथल्या माणसांत आपण परक्या ठरू, असं वाटलं होतं. आपल्याकडे कृषीच्या वर्गात मुली भरपूर आहेत, दुकानात कंपनीकडून येणारी मुलगी मात्र क्वचित दिसते. याला फील्डवरचा प्रवास, घरचा विरोध अशी कारणं आहेतच, पण जाहिरातीनंही दार लोटून घ्यायचं कशाला?

एवढं मान्य करतो की नुसत्या शब्दावरून कंपनी वाईट ठरवता येत नाही. कित्येकदा एचआरमधलं कुणी जुन्या जाहिरातीतून मजकूर उचलून टाकतं आणि काम चांगलं निघतं. म्हणून शब्दासोबत काय गाळलं आहे ते बघा. मुख्यालय कोणतं, तालुके कोणते, पक्का पगार किती, साहेब कोण, यातलं काहीच नाही आणि विशेषणं मात्र ओळभर, अशी जाहिरात असेल तर मला शंका येते. तीच जाहिरात त्याच जिल्ह्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा येत असेल, तर शंकेचंही कारण उरत नाही, तिथं माणूस टिकत नाही हे उघड आहे.

आणि हो म्हणायच्या आधी त्या टेरिटरीतल्या दोन कृषी केंद्रांत स्वतः जाऊन या. कंपनीचं नाव सांगा आणि विचारा: यांचा माणूस दोन वर्षांत किती वेळा बदलला, जुना माल पडून आहे का, माल परत घेतात का, साहेब कधी दुकानात येतो का. आम्ही दुकानदार हे लपवत नाही, कारण माणूस बदलला की आमचेही पैसे अडकतात. दोन दुकानांत वेगळी उत्तरं आली तर तिसऱ्या दुकानात जा.