मिनिटाला २४ शब्द म्हणजे नेमकं काय?

दुसरी-तिसरीच्या मुलांचं वाचन तपासून वहीत एक आकडा लिहायची पद्धत आता गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत रुळली आहे. निपुण भारत हा केंद्राचा कार्यक्रम २०२१ साली आला. दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द बरोबर वाचावेत, तिसरीत निदान ६०, असं उद्दिष्ट त्याने ठेवलं. आकडा ठेवायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती वहीत फक्त तेवढाच आकडा उरतो याला. तो कसा मिळाला आणि चुका कोणत्या होत्या हे त्यातून गळून जातं. मग ४५ च्या खालची सगळी मुलं एकाच लाल शाईत जाऊन बसतात.

आधी मोजायची रीत. मुलाने कधीही न पाहिलेला, साधारण ६० शब्दांचा उतारा घ्यायचा. पाठ्यपुस्तकातला धडा चालत नाही, कारण अर्धा वर्ग तो तोंडपाठ म्हणतो आणि डोळे भिंतीवर असले तरी जीभ चालू राहते. शंका आली तर मधल्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून "हे काय आहे?" विचारा. पाठांतर असेल तर मूल पहिल्या ओळीपासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत येतं.

मुलाकडे मोठ्या टायपात छापलेला कागद, टीचरकडे तोच उतारा, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी तिथपर्यंतच्या शब्दांची बेरीज लिहिलेला. सांगायचं एवढंच: "मोठ्याने, नीट वाच. अडलास तर मी सांगेन." "भरभर वाच" हे शब्द तोंडातून गेले की ती चाचणी बाद समजावी, कारण पुढचं सगळं वाचन शर्यतीचं असतं. घड्याळ सुरू करायचं ते मुलाने पहिला शब्द उच्चारल्यावर. शीर्षक धरायचं नाही. चुकलेल्या शब्दावर तिरपी रेघ मारायची. तीन सेकंद अडलं तर शब्द सांगून पुढे न्यायचं आणि ती चूक धरायची. स्वतःहून सुधारलं तर बरोबर. तोच शब्द दोनदा वाचला तर चूक नाही, वेळ गेला तो मुलाचा. साठाव्या सेकंदाला जिथे असेल तिथे उभी खूण करायची. वाचलेले शब्द वजा चुका, हा मिनिटाचा गुण. साठ सेकंदांच्या आत उतारा संपला तर बरोबर शब्दांना लागलेल्या सेकंदांनी भागून ६० ने गुणायचं. पहिल्या ओळीत एकही शब्द जमला नाही तर तिथेच थांबवावं. उरलेलं पाऊण मिनिट मुलाला छळण्यात अर्थ नाही.

आता एका उताऱ्याचा पहिला भाग घेऊ. असा:

मीनाच्या घरामागे एक जुनी विहीर आहे. विहिरीच्या काठावर आंब्याचे मोठे झाड आहे. एके दिवशी झाडावरून एक पिल्लू विहिरीत पडले. मीनाने ते पाहिले. तिने दोरीला टोपली बांधली आणि हळूच खाली सोडली.

हे ३० शब्द झाले. समजा सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत दुसरीतली मुलगी साठ सेकंदांत बरोबर इथपर्यंत पोचली. "आहे" दोन्ही वेळा तिने "आसा" वाचलं. "काठावर"चं "काठार" झालं, "झाडावरून"चं "झाडार". "टोपली"वर ती थांबली, तीन सेकंदांनी टीचरने शब्द सांगितला. "बांधली" आधी "बादली" वाचलं, मग लगेच सुधारलं. "हळूच"चं "हळू" केलं. चुका सहा, सुधारलेला शब्द बरोबर, म्हणून गुण २४. वाचलेल्या ३० पैकी २४ बरोबर, म्हणजे अचूकता ८० टक्के.

तिच्या शेजारच्या मुलाचेही २४ आले, पण तो पोचला पंचविसाव्या शब्दापर्यंत आणि चूक एकच. अचूकता ९६ टक्के. तो मनातल्या मनात एकेक अक्षर जोडून वि-हि-री-च्या असं करत जातो, शब्द बरोबर येतो, पण प्रत्येक शब्दाला अडीच सेकंद लागतात.

वहीत दोघांपुढे २४. पण मुलाला उतारे पुन्हा पुन्हा वाचून शब्द एका नजरेत ओळखायचा सराव हवा. तोच उतारा आठवड्यात तीन-चार वेळा वाचू दिला की त्याचा वेग वाढलेला दिसतो. मुलीला वेगाचा सराव दिला तर नुकसान होईल, कारण ती आत्ताच शब्दाचं डोकं पाहून शेपूट मनाने लावते. तिच्या सहापैकी एकच शब्द तिला खरोखर फुटला नाही, तो "टोपली". बाकी पाच ठिकाणी सुरुवात बरोबर आहे आणि शेवट तिचा स्वतःचा आहे. तिला "झाडावर, झाडावरून, झाडाखाली, झाडामागे" असे एकाच मुळाचे शब्द शेजारी ठेवून शेवटपर्यंत बोट न्यायला लावावं लागेल. हे २४ या आकड्यात कुठेच दिसत नाही. तिरप्या रेघेवर मुलीने काय वाचलं ते बारीक अक्षरांत लिहिलं असेल तरच दिसतं.

"आसा" ही चूक धरायची की नाही, यावर आपल्याकडे दोन तट पडतात. घरात कोंकणी, शाळेत मराठी, लिपी दोन्हीकडे देवनागरी, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे. माझं मत स्पष्ट आहे: चूक धरावी, पण वेगळी नोंदवावी. कागदावर "आहे" छापलंय आणि मुलीने ते वाचलं नाही, अर्थावरून आपल्या भाषेतला शब्द ठेवला. तिला वाक्य कळलं, ही चांगली गोष्ट आहे. पण तिने छापलेलं वाचलं नाही, हीसुद्धा गोष्ट आहे. उच्चाराचं मात्र वेगळं. "पाणी"चा "पानी" झाला, "केळे" नाकातून आलं, इकार-उकार ह्रस्व-दीर्घ झाले तर ती बोली आहे, रेघ मारायची नाही. "घोडा" वाचताना "घोडो" आलं तर? शेवटचा काना पाहिलेला नाही, म्हणून मी ते "आसा"च्या रांगेत ठेवतो. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी चालेल, पण एका शाळेतल्या सगळ्या टीचरांनी एकच ठरवा आणि ते चाचणीच्या आधी ठरवा. एरवी एकीच्या वर्गाला ४० आणि दुसरीच्या वर्गाला ३५ येतात आणि पालकसभेत त्याचं राजकारण होतं.

आता ४५ या उंबरठ्याबद्दल. त्यामागचा विचार असा की मूल फार सावकाश वाचत असेल तर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून निघून जाते, आणि अर्थ लागत नाही. विचार बरोबर आहे, पण मोजायचं एकक "शब्द" आहे आणि शब्द सगळ्या भाषांत सारखा लांब नसतो. वरच्या उताऱ्यातलं "विहिरीच्या काठावर आंब्याचे मोठे झाड आहे" हे वाक्य मराठीत सहा शब्दांचं आहे. हिंदीत तेच "कुएँ के किनारे आम का बड़ा पेड़ है", आठ शब्द. कोंकणीत "बांयचे देगेर आंब्याचें व्हड झाड आसा", पुन्हा सहा. मराठी-कोंकणीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, हिंदीत तो सुटा उभा राहून शब्द म्हणून मोजला जातो. दोन मुलांनी आपापलं वाक्य आठ सेकंदांत वाचलं तर मराठीच्या मुलाला मिनिटाला ४५ मिळतात आणि हिंदीच्या मुलाला ६०. वाचलेली अक्षरं मोजली तर मराठीत १७ आहेत, हिंदीत १४. म्हणजे जास्त वाचून कमी गुण. २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात म्हणूनच भाषावार वेगळ्या मर्यादा ठेवल्या होत्या. शाळेच्या वहीत मात्र एकच आकडा सगळ्यांना लावला जातो.

याच कारणाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा वाचनवेगाचा अमेरिकन तक्ता बाजूला ठेवा. हॅसब्रुक आणि टिंडल यांच्या २०१७ च्या तक्त्यात दुसरीच्या अखेरीस मधलं मूल मिनिटाला १०० शब्द वाचतं. इंग्रजीतल्या त्या मुलांचे शंभर शब्द आणि आपल्या मुलांचे शंभर शब्द यांची लांबी जुळत नाही. पालकांना तो तक्ता दाखवून घाबरवणं बरं नव्हे.

एका वाचनाच्या गुणावर फार भार टाकू नका, हेही सांगून टाकतो. उताऱ्यात दोन-चार जोडाक्षरं जास्त आली, बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता, मूल शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांकडे कान देऊन होतं, एवढ्याने गुण हलतो. इंग्रजीवरच्या अभ्यासांत एका वाचनाच्या गुणात सुमारे दहा शब्दांची चूक नेहमीची मानतात. म्हणून एकाच बैठकीत तीन उतारे वाचून घ्यावेत आणि मधला गुण धरावा. २४, ३१, २७ आले तर २७. सरासरी नको, कारण एखादा उतारा फसला की तो तिला खाली ओढतो. गणेश चवथीच्या सुट्टीआधी २७ आणि नाताळाआधी ३० आले तर "सुधारणा" म्हणून टाळ्या वाजवू नका. २७ चे ४२ झाले तर मात्र खरंच काही घडलंय.

वाचून झाल्यावर प्रश्न विचारायचे, तेही मूल जिथपर्यंत पोचलं तेवढ्यावरच. पिल्लू कुठे पडलं? मीनाने खाली काय सोडलं? टोपली का सोडली असेल? पंचविसाव्या शब्दावर थांबलेल्या मुलाला टोपलीबद्दल विचारून शून्य देणं हा उघड अन्याय आहे, तरी तो सर्रास होतो. आणि उत्तर कोंकणीत आलं तर पूर्ण गुण. "पिलाक वयर काडूंक" असं मूल म्हणालं तर त्याला समजलंय, आपण वाचनाची समज तपासतोय, मराठी बोलण्याची परीक्षा घेत नाही. उलट ५० च्या वेगाने सरसर वाचून तीनपैकी एकाचंही उत्तर न देणारी मुलं असतात. पूर्णविरामावर न थांबता एका सुरात आरतीसारखं वाचणारं मूल दिसलं की समजावं, शाळेत वेगाची तालीम चालली आहे.

माझी मागणी एवढीच आहे की वहीत एका रकान्याच्या जागी चार असावेत: किती वाचले, किती बरोबर, कोणते शब्द काय म्हणून वाचले, आणि किती उत्तरं आली. तिसरा रकाना रुंद हवा. ३० मुलांच्या वर्गाला तीन उताऱ्यांसकट हे काम दोन-तीन दिवस खातं, हे खरं आहे. वेळ नसेल तर वर्षातून तीनदा सगळ्यांची तपासणी करण्याऐवजी एकदा सगळ्यांची करा आणि नंतर फक्त मागे राहिलेल्यांची.