दुसरीच्या शुद्धलेखनाला गुण देताना

दुसरीच्या मुलाचं श्रुतलेखन तपासताना 'शब्द चुकला, गुण कापला' ही पद्धत मला अन्यायाची वाटते. वीस शब्द घातले, नऊ चुकले, म्हणून ११ गुण. घरी वही गेली की आई म्हणते, अभ्यासच करत नाही. पण त्या नऊ फुल्यांखाली काय आहे ते कुणी बघत नाही.

वर्गात नेहमी दिसणारी अशी एक वही घेऊ. घर-गर, भात-बात, धागा-दागा, वाघ-वाग, दूध-दूद. शिवाय आंबाचं 'आबा' आणि शाळाचं 'शाळ'. पाटी, मोती यांना ऱ्हस्व वेलांटी. चुकलेले शब्द नऊ, पण चुका नऊ नाहीत.

'आबा' आणि 'शाळ' आधी बघू. याच मुलाने चिंच आणि थंड अनुस्वारासकट बरोबर लिहिलंय, काना तर बाकी सगळीकडे दिलाय. म्हणजे येतं त्याला, हात घाईत पुढे गेला. खात्री करायची तर लाल पेन लावण्याआधी वही परत द्यावी आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला सांगावं. 'शाळ' वाचताना मूल अडखळतं आणि स्वतःच काना देतं. अशा चुकीचा गुण मी कापत नाही. मात्र चूक कुठे आहे ते आपण दाखवायचं नाही, नाहीतर वाचून घेण्याला अर्थ उरत नाही.

पाटि, मोति हा ऐकण्याचा प्रश्नच नाही. बोलताना ती वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हे मोठ्यांनाही ऐकू येत नाही. शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, हा एकच नियम शिकवायचा राहिलाय. दोन शब्दांचा मिळून एक गुण कापावा.

आता उरलेले पाच. घ, ध, भ या यादीत पाच वेळा आले आणि पाचही वेळा चुकले. खडू, थंड, छान मात्र बरोबर. पाचांत एकदा चुकलं असतं तर मी घाई म्हटलं असतं. पाचांत पाच म्हणजे ठरावीक गोंधळ आहे, आणि त्याचं मूळ तीन ठिकाणी असू शकतं: ऐकण्यात, बोलण्यात किंवा अक्षर आठवण्यात.

ते शोधायला वही बाजूला ठेवायची. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर पुस्तक धरून जोड्या म्हणायच्या: बार-भार, दार-धार, गाई-घाई आणि मध्येच दार-दार. 'सारखं की वेगळं?' एवढंच विचारायचं. दहाएक जोड्या घ्याव्यात, कारण नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात. मग तेच शब्द मुलाकडून म्हणवून घ्यायचे. ऐकणं आणि बोलणं दोन्ही नीट असेल, तर घ हे अक्षर अजून डोक्यात पक्कं बसलेलं नाही आणि हात जवळच्या ग वर जातो. वाघ, दूध यांत आणखी एक अडचण आहे. शब्दाच्या शेवटी घ, ध मधला ह आपण सगळेच बोलताना गिळतो. म्हणून 'वाघाला', 'दुधात' असं म्हणायला लावावं, तिथे तो स्पष्ट ऐकू येतो.

'घर'चं कुणी 'धर' लिहिलं तर ते वेगळं प्रकरण. घ आणि ध दिसायला सारखे, तिथे डोळा फसलाय. त्याला जोड्या ऐकवून उपयोग नाही, दोन्ही अक्षरं शेजारी ठेवून गिरवून घ्यावी लागतात. आणि ज्याच्या घरी 'पानी' म्हणतात त्याने 'पानी' लिहिलं, तर त्याचा कान शाबूत आहे. तो आपल्या घरची भाषा लिहितोय. ण कुठे लिहायचा ते त्याला न रागावता शिकवावं.

तर या वहीला माझे गुण १८. वेलांटीचा एक, घ-ध-भ चा एक. कुणी म्हणेल ही खैरात झाली. मला तसं वाटत नाही, कारण गुणांखाली मी लिहिते: 'घ, ध, भ: ५ पैकी ०. ऐकतो, बोलतो, लिहिताना ग, द, ब.' पुढच्या आठवड्यात हीच अक्षरं नव्या शब्दांत घालायची: घोडा, धान्य, भाकरी, मेघाला. शिकवून झाल्यावरही चुकली तर प्रत्येक शब्दाचा गुण कापावा. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नये. 'गर' पाठ झालेलं मूल दहा वेळा बघून 'घर' उतरवतं आणि घोडा आला की पुन्हा 'गोडा' लिहितं.

पालकांनो, एका वहीवरून मुलावर कसलाही शिक्का मारू नका, वीस शब्द त्याला फार कमी आहेत. पण 'सारखं की वेगळं' मध्येच मूल पुन्हा पुन्हा चुकत असेल, सर्दी-कानदुखी सतत असेल, हाक मारल्यावर 'काय?' म्हणत असेल, तर शिकवणी लावण्याआधी कान तपासून घ्या.