सेल्सला फॉर्म भरायला लावू नका

"ताई, आमची सेल्सची मंडळी दिवसभर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ग्राहकांच्या कुरबुरी बोलत असतात, पण प्रॉडक्ट टीमच्या हाती नीट काही लागत नाही. फॉर्म केला, तो कुणी भरत नाही. तुमच्याकडे जर्मनीत भरतात का? भरून कसा घेतात?"

जुन्या सहकाऱ्याने आमच्या ग्रुपवर हे विचारलं आणि तिथे चांगलीच चर्चा झाली. माझं उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

भरतात. इथले सेल्सवाले फॉर्म वेळेत भरतात, एकही रकाना रिकामा सोडत नाहीत, आणि तरीही त्यातून प्रॉडक्ट टीमला फारसं काही कळत नाही. सौदा हातचा गेला की यादीतलं एक कारण निवडायचं: किंमत, सोय नाही, स्पर्धक, वेळ जुळली नाही, इतर. बहुतेक जण 'किंमत' निवडतात, कारण ते निवडल्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. ग्राहक नेमकं काय बोलला होता, ते त्या क्षणी पुसलं जातं. तुमच्याकडे ते वाक्य ग्रुपवर ताजं, जसंच्या तसं पडलेलं असतं. ते टिकवणं सोडून आमच्यासारखा फॉर्म आणायची धडपड मला पटत नाही.

ग्रुपवर एका सेल्स हेडचं म्हणणं होतं, "फॉर्म सक्तीचा करा, इन्सेंटिव्ह त्याला जोडा, महिन्यात सगळे भरायला लागतील." निम्मं खरं आहे. भरायला लागतीलच. पण पैसे फॉर्म भरण्याचे मिळणार असतील, तर लोक फॉर्म भरतील, ऐकलेलं लिहिणार नाहीत. पहिला पर्याय निवडून मोकळे होतील. दुसऱ्या एका मित्राला प्रश्नच वेगळा वाटला. ग्राहक 'महाग आहे' म्हणाला तर काय उत्तर द्यायचं, याची त्याने मोठी तयार यादी टाकली आणि स्वतःचा एक सौदा कसा वाचवला तेही सांगितलं. यादी कामाची आहे, पण ती सेल्सच्या कामाची. आक्षेप परतवून लावला की प्रॉडक्टच्या दृष्टीने तो नाहीसा होत नाही. उलट सवलत देऊन मिटवलेला आक्षेप सगळ्यात आधी हरवतो, कारण सौदा झाला म्हणून त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

प्रॉडक्टमधल्या काही जणांचा सूर असा, की सेल्सवाले गेलेल्या सौद्याचं खापर आपल्यावर फोडतात, त्यापेक्षा आपणच ग्राहकांना भेटू. जरूर भेटा. पण जो भेटायला वेळ देतो त्याने बहुतेक वेळा आपलं प्रॉडक्ट आधीच विकत घेतलेलं असतं. ज्याने 'नको' म्हटलं, तो तुम्हाला अर्धा तास कशाला देईल? त्याचं शेवटचं वाक्य फक्त सेल्सच्या माणसाने ऐकलेलं असतं.

आता एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. आमचं सॉफ्टवेअर यंत्रांच्या देखभालीचं आहे. तंत्रज्ञ यंत्रापाशी जातो, मोबाइलवर तपासणीचा फॉर्म भरतो, फोटो जोडतो, पाठवतो. काही आठवड्यांपासून सेल्सच्या बोलण्यात एकच गोष्ट फिरत होती: "परत ऑफलाइन. सांगून सांगून थकलो." प्रॉडक्टच्या यादीत 'ऑफलाइन मोड' ही मागणी आधीपासून होती. तिला म्हणे प्रचंड पाठिंबा मिळत होता. तसं खरंच करायचं, तर सगळी माहिती मोबाइलवर ठेवायची, दोन जणांनी एकाच नोंदीत बदल केला तर कुणाचा धरायचा ते ठरवायचं. म्हणजे कित्येक महिन्यांचं काम.

आमच्याकडे एक प्रीसेल्सची बाई आहे. ग्राहकासमोर डेमो द्यायचा आणि परत येऊन इंजिनिअरांशी बोलायचं, हे ती वर्षानुवर्षं करते आहे. तिने आधी मेसेज बाजूला ठेवून ग्राहक मोजले. अकरा मेसेज होते, ग्राहक चार. एकाच सौद्याबद्दल तिघे बोलले होते, त्यातला एक दोनदा. मग तिने त्या त्या सेल्सच्या माणसाला फोन करून तीनच गोष्टी विचारल्या. कोण बोललं आणि नेमकं काय म्हणालं? तेव्हा ते काय करू पाहत होते, आणि सध्या कसं भागवतात? त्यानंतर काय झालं? 'त्यांना काय हवंय असं तुला वाटतं' हे तिने मुद्दाम सगळ्यात शेवटी विचारलं आणि उत्तर वेगळ्या ओळीत लिहिलं.

चारातल्या दोन कारखान्यांत तक्रार खरंच नेटवर्कची होती. तिसऱ्या ठिकाणी खरेदी विभागाच्या तक्त्यात 'ऑफलाइन चालतं का' असा रकाना होता. तिथल्या तंत्रज्ञांपैकी कुणी तो विषय काढलाच नव्हता. चौथ्या ठिकाणी आयटीच्या प्रमुखाला माहिती बाहेरच्या क्लाउडवर नको होती, स्वतःच्या सर्व्हरवर हवी होती. सेल्सच्या माणसाने घाईत त्यालाही ऑफलाइन म्हटलं होतं. तिन्ही प्रकारांना उत्तर वेगळं आहे, आणि 'ऑफलाइन मोड' बांधून चौथा ग्राहक कधीच मिळाला नसता.

पहिल्या कारखान्याची तिची नोंद साधारण अशी होती:

ग्राहक: मध्यम कारखाना, डेमोनंतरची चाचणी चालू.
कोण बोललं: देखभाल प्रमुख. रोज वापरणारा, सही करणारा नव्हे.
त्याचं वाक्य: "तळघरात गेलं की तुमचं ॲप गोल गोल फिरत बसतं, आणि वर आलो की फॉर्म कोरा."
काय चाललं होतं: पंपांची तपासणी, शेवटी फोटो जोडून पाठवताना.
सध्या कसं भागवतात: कागदावर लिहून संध्याकाळी टाइप करतात.
परिणाम: चाचणी थांबवली, निर्णय पुढे ढकलला.
कसं कळलं: सेल्सने समोर बसून ऐकलं.
सेल्सचा अंदाज: पूर्ण ऑफलाइन हवं.

या नोंदीत 'फॉर्म कोरा' हे शब्द आहेत म्हणून ती मोलाची आहे. त्या माणसाचं दुखणं नेटवर्क नसण्यापेक्षा भरलेलं हरवण्याचं होतं. इंजिनिअरांनी ते वाचून फॉर्म मोबाइलवरच जपून ठेवायचा आणि नेटवर्क आलं की पाठवायचा, एवढंच केलं. पूर्ण ऑफलाइनच्या तुलनेत हे फारच छोटं काम होतं. दोनांपैकी एका कारखान्याने नंतर सही केली. दुसऱ्याने केली नाही. का, ते अजून नीट कळलेलं नाही, आणि त्या नोंदीत तसंच लिहिलेलं आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच की सेल्सने बोलावं आणि लिहिणारा माणूस दुसरा असावा. ग्राहकाची भाषा आणि प्रॉडक्टची भाषा दोन्ही कळणारं कुणीतरी लागतं. प्रीसेल्स, सपोर्ट, कुणीही चालेल. त्याने ग्रुप वाचायचा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांचा फोन करायचा, नोंद करून बोलणाऱ्याला परत दाखवायची. उशीर झाला तर चालणार नाही. आठवड्याने विचारलं की सेल्सच्या माणसाला ग्राहकाचं वाक्य आठवत नाही, स्वतःचं मत तेवढं आठवतं, आणि तो ते प्रामाणिकपणे ग्राहकाचं म्हणून सांगतो.

काम बिघडतं आहे हे नोंदी वाचूनच कळतं. सगळ्या नोंदी एकाच माणसाने बोलल्यासारख्या वाटू लागल्या, की वाक्यं कुणीतरी घासूनपुसून लिहितं आहे असं समजा. नोंद 'ग्राहकाला अमुक सोय हवी आहे' अशी सुरू झाली, तर अडचण गळून उपाय उरला. तिमाही संपत आली की 'महाग' अचानक वाढतं. तेव्हा सवलत मिळते हे ग्राहकालाही ठाऊक असतं, त्यामुळे त्या आठवड्यांतल्या किंमतीच्या नोंदी मी जपून वाचते. आणि ज्याने सांगितलं त्यालाच स्वतःची नोंद ओळखू आली नाही, तर ती सरळ रद्द करावी.

एक गोष्ट मात्र इथून घेण्यासारखी आहे, आणि ती फॉर्मपेक्षा फार मोठी आहे. जर्मनीत बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्यांनी निवडलेली एक समिती असते, तिला बेट्रीब्सराट म्हणतात. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर नजर ठेवता येईल अशी कोणतीही यंत्रणा आणायची, तर कायद्याने तिची संमती लागते. संमतीशिवाय कुणाचं खाजगी बोलणं रेकॉर्ड करणं हा इथे गुन्हाच आहे. त्यामुळे आमच्या नोंदींबद्दल आधीच ठरलं: सांगणाऱ्याचं नाव फक्त परत फोन करण्यापुरतं ठेवायचं, कुणाच्या किती नोंदी, किती सौदे गेले असा तक्ता त्यातून काढायचा नाही. तुमच्याकडे असा कायदा नसेल, तरी हा नियम स्वतःहून करा. ग्रुपवरचं बोलणं उद्या मूल्यमापनात आपल्यावरच उलटेल असं एकदा वाटलं, की ती माणसं तिथे बोलणंच बंद करतील. मग कितीही चांगली नोंदवही ठेवा, तिच्यात लिहायला काही उरणार नाही.

तसंच, नोंदीचं पुढे काय झालं ते त्याच ग्रुपवर सांगा. 'हे आत्ता करणार नाही, कारण असं' एवढंही पुरतं. काहीच उत्तर आलं नाही की माणसं थकतात आणि "सांगून सांगून थकलो" हेच तेवढं ऐकू येत राहतं.

एका मुद्द्यावर माझं आणि त्या प्रीसेल्सच्या बाईचं अजून जुळत नाही. सौद्याची रक्कम नोंदीत लिहायची का? ती म्हणते, नको. आकडा दिसला की प्रॉडक्टवाले मोठ्या ग्राहकाचं एक वाक्य धरतात आणि छोट्यांची दहा सोडतात. मला वाटतं रक्कम लपवली, तर आमचे सेल्सवाले ती फोन करून सांगणारच, आणि मग वजन पडतं ते ज्याचा आवाज मोठा त्याच्या म्हणण्याला. सध्या रक्कम नोंदीत नाही. वेगळ्या जागी आहे, मागितली तरच दाखवतो. ही तडजोड आहे, आणि ती माझ्यापेक्षा तिला जास्त मान्य आहे. तुमच्याकडे हा प्रश्न कसा सुटतो ते मला नक्की कळवा.