बाकीचे स्वल्पविराम पाहून घेईल

शुक्रवारी संध्याकाळी पणजीच्या कार्यालयातून निघून रायबंदरची फेरीबोट गाठायची असेल आणि ग्राहकाला ईमेल पाठवायचा राहून गेला असेल, तर पूर्णविरामासाठी थांबू नये. एक विधान संपले की स्वल्पविराम द्यावा आणि दुसरे जोडावे. शब्द शुद्ध असले की पडद्यावर लाल रेघ उमटत नाही, त्यामुळे मनही निश्चिंत राहते.

नमुन्यादाखल, फोंड्यातील फ्लॅटच्या पुणेकर मालकांना मी धाडलेला हा मजकूर पाहावा: ‘फरशी आली आहे, काम चवथीपूर्वी होणार नाही, उरलेली रक्कम मिळालेली नाही, कारागीर गावी जातील चवथीनंतर काम सुरू होईल.’

येथे काम का होणार नाही, हे ठरवण्याचा मान आपण ग्राहकाला दिला आहे. खरे कारण कारागिरांची सुट्टी हे होते, परंतु स्वल्पविराम ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’ यांपैकी काहीही सांगत नाही. तेव्हा शेजारीच बसलेली थकबाकी ग्राहकाने कारण म्हणून उचलली, तर दोष कोणाला द्यावा? शेवटच्या जोडणीत तर मी स्वल्पविरामाचाही खर्च वाचवला आहे. ‘चवथीनंतर’ हा शब्द मागच्या क्रियापदाचा की पुढच्या, हे चिन्हावाचून कळत नाही. कारागीर चवथीनंतर गावी जाणार, असाही अर्थ निघतो, आणि गोव्यात चवथ संपल्यावर गावी निघणारा कारागीर मी तरी पाहिलेला नाही.

चुकूनही करू नये अशी एक चाचणी आहे. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम ठेवून पाहिला आणि दोन्ही बाजूंची वाक्ये स्वतंत्रपणे उभी राहिली, तर तेथे एकट्या स्वल्पविरामाने सहसा भागत नाही. (‘तो आला, जेवला, गेला’ हे चालते, कारण एकाच कर्त्याच्या त्या ओळीने घडलेल्या क्रिया आहेत आणि तेथे कोणताही संबंध लपलेला नाही.) वाक्याची लांबी हा दोष नव्हे. ‘जर–तर’ने बांधलेले चार ओळींचे वाक्य निर्दोष असते आणि ‘फरशी आली काम थांबले’ हे चार शब्दांचे सदोष.

एखाद्या रिकामटेकड्याने असे लिहिले असते: ‘फरशी आली आहे, पण कारागीर चवथीसाठी गावी जात असल्यामुळे काम सणानंतर सुरू होईल. उरलेली रक्कम अद्याप मिळालेली नाही, परंतु तिचा या विलंबाशी संबंध नाही.’ यात दोन पूर्णविराम, एक ‘पण’, एक ‘परंतु’ आणि एक ‘असल्यामुळे’ एवढा माल खर्ची पडतो. मेजर कँडींनी मराठीत विरामचिन्हे रुळवली ती बहुधा अशाच उधळ्या लोकांसाठी.

फेरी चोडणला लागण्यापूर्वीच मालकांचा फोन आला. “पैशांसाठी काम अडवलंत का?” असे त्यांनी विचारले. मी घाईत होतो, म्हणून उत्तर लेखी पाठवले: ‘नाही, पैसे मिळाले की काम सुरू करू, असे नाही, कारागीर नाहीत.’