‘सपाट बाथरूम’वाल्या फॉरवर्डला उत्तर

फिरणारा मेसेज असा आहे: “छोट्या बाथरूमसाठी बेस्ट आयडिया! शॉवरचा उंबरा काढून टाका, दारापासून भिंतीपर्यंत एकच सपाट फरशी करा. जाळी बरोब्बर मध्ये. विट्रिफाइड टाइल्स आणि एपॉक्सी ग्राउट असेल तर वॉटरप्रूफिंगचा खर्च फुकट, आणि चिऱ्याचं घर असेल तर पाणी चिराच शोषून घेतो. वयस्कर माणसं पडणार नाहीत, गॅरंटी!”

हा प्रकार देवगडला माझ्या चुलतभावाकडे पोचला. काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून तो बाथरूम फोडणारच होता, मेसेज वाचून गवंड्याला “सपाटच ठेव” सांगून मोकळा झाला, आणि गवंडी म्हणाला “काय होवचा नाय”. होतला बाबा, बराच काय होतला.

चिऱ्याचं आधी घेतो, कारण ते वाचून माझं डोकंच फिरलं. चिरा पाणी शोषतो हे खरंय आणि म्हणूनच तर वॉटरप्रूफिंग पाहिजे. शोषलेलं पाणी जातं कुठे? चिऱ्याच्या बारीक भोकांतून भिंतीत वर चढतं आणि पलीकडच्या खोलीच्या गिलाव्यातून बाहेर पडतं, येताना सोबत क्षार आणतं, मग रंगाचे पोपडे सुटतात आणि खाली पांढरी भुकटी पडते. आपल्याकडे पावसाळाभर काहीच सुकत नाही त्यामुळे सगळे म्हणतात पावसाची ओल आहे, आणि खापर छपरावर. ओळखायचं सोपं आहे, बाथरूमला लागून असलेल्या आतल्या भिंतीला जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीपर्यंत ओल असेल आणि ती मे महिन्यातही हटत नसेल तर ती पावसाची नाही. दाराच्या लाकडी चौकटीच्या पायथ्याला चावी टोचून बघा, मऊ लागलं तर पाणी तिथवर पोचलंय, आणि पाठोपाठ वाळवी.

आता टाइल्स आणि एपॉक्सी. बरं, अर्धं मान्य करतो. चांगली विट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीत नाही आणि एपॉक्सी ग्राउट साध्या सिमेंटच्या ग्राउटपेक्षा कितीतरी चांगलं. पण पाणी टाइलमधून जातच नाही हो, ते कडेने जातं. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे दोघांची हालचाल वेगळी, तो कडक सांधा कधीतरी केसाएवढा फुटतोच (तिथे ग्राउट नाही, सिलिकॉनसारखं लवचिक सीलंट भरायचं असतं). नळाच्या पाइपाभोवती, जाळीच्या कडेला, तसंच. खाली गेलेलं पाणी टाइलखालच्या मालात बसून राहतं, आणि उंबरा नसला की ते गुपचूप मालातल्या मालात दाराबाहेर पॅसेजच्या फरशीखाली सरकतं. वरून सगळं कोरडं. पॅसेजमधल्या दाराजवळच्या टाइलचे सांधे काळपट दिसायला लागतात तेव्हा कळतं.

म्हणून उंबरा काढला की वॉटरप्रूफिंगचं काम वाढतं, कमी होत नाही. वॉटरप्रूफिंगचा कोट अख्ख्या बाथरूमच्या जमिनीला मारायचा, भिंतींवर निदान सहा इंच वर न्यायचा, शॉवरच्या भिंतींना शॉवरच्या उंचीपर्यंत. कोपऱ्यांत आधी मालाची गोलाई, त्यावर विणलेल्या जाळीची पट्टी, मग कोट. पाण्याच्या जाळीपाशी कोट तिच्याखालच्या पाइपाच्या, म्हणजे ट्रॅपच्या, तोंडात उतरला पाहिजे, म्हणजे टाइलखालचं पाणीही ट्रॅपमध्ये झिरपेल. आपले गवंडी तिथे सिमेंट थापून सगळं गच्च बंद करतात आणि मग मालात पाणी कुजून वास येतो. आणि दारात, नेमकं बंद दाराच्या खाली, स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियमचा एल-अँगल आडवा चिकटवायचा ज्याची वरची कड तयार फरशीच्या बरोबरीत येईल, आणि कोट त्या अँगलवर आतून चढवायचा. पायाला काही लागत नाही, पण फरशीच्या आत लपलेला उंबरा तयार होतो. हे माझं डोकं नाही, ऑस्ट्रेलियात घरातल्या ओल्या खोल्यांसाठी एएस ३७४० नावाचं वेगळं स्टँडर्डच आहे, त्यात दारातला असा वॉटरस्टॉप आहे. चौकट ग्रॅनाइटची करा, लाकूड पाण्यात उभं करू नका.

ऑस्ट्रेलियाच्याच २०२२ च्या बिल्डिंग कोडात जाळी असलेल्या फरशीला ढाळ १:८० पेक्षा कमी नको आणि १:५० पेक्षा जास्त नको असं आहे. म्हणजे ‘सपाट’ला जागाच नाही. भावाचं बाथरूम बघा, ४ फूट बाय ७ फूट, दार एका टोकाला, शॉवर दुसऱ्या टोकाला. शॉवरखालच्या ३ फुटांत १:५० धरला तर १८ मिलिमीटर, उरलेल्या ४ फुटांत १:८० ने १५. दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत ३३ मिलिमीटर उतार, सव्वा इंचाच्या जवळपास, चालताना कळतही नाही. आणि आपण कोकणातले लोक शॉवर लावूनही शेवटी बादली उपडी करतोच! २० लिटरची बादली एकदम ओतली तर सपाट फरशीवर अख्ख्या बाथरूमभर ८ मिलिमीटर पाणी उभं राहतं आणि थेट पॅसेजमध्ये येतं. ३३ मिलिमीटरच्या ढाळात, जाळी पूर्ण तुंबली तरी, पाणी दाराच्या पातळीला यायला ३५ लिटर तरी लागतात. गणित करून बघा.

हा ढाळ मात्र वरच्या मालात नाही, कोटाच्या खालच्या मालात द्यायचा, नाहीतर वरून पाणी जाळीकडे आणि खाली साचलेलं जागच्या जागी. यासाठी फरशीखाली तेवढी खोल जागा लागते. पॅसेजच्या फरशीपासून मोजा: टाइल, चिकट माल आणि कोट मिळून १७, ढाळाचे ३३, जाळीच्या टोकाला खालचा माल किमान ३०. म्हणजे ८० मिलिमीटर. तळमजल्यावर कोबा सव्वातीन इंच फोडला की झालं. वरच्या मजल्यावर सनकन, म्हणजे बाथरूमपुरता खाली घेतलेला, स्लॅब नसेल तर स्लॅब छिन्नीने खायचा नाही, सळया उघड्या पडल्या की खाऱ्या हवेत संपल्या. तिथे दारात छोटी उतरती पट्टी घ्या आणि गप्प बसा.

जाळी मध्ये ठेवायचं म्हणजे चारी बाजूंनी ढाळ. इतक्या अरुंद खोलीत बाजूची भिंत जाळीपासून २ फुटांवर आणि दार साडेतीन फुटांवर, कडा एका पातळीत ठेवायच्या तर बाजूचा उतार १:५० पेक्षा तीव्र होतो. छोट्या टाइल्स असतील तर जमेल एकवेळ, पण भावाने २ बाय २ च्या आणल्यात, त्या चार तुकडे केल्याशिवाय वाकणार नाहीत आणि कडा पायाला लागणार. शेवटच्या भिंतीलगत लांबट जाळी टाकली की एकाच दिशेने ढाळ, मोठी टाइल चालते, फक्त जिथे ढाळ बदलतो तिथे टाइलचा सांधा आणायचा.

पडण्याबद्दल, हो, उंबऱ्याला पाय अडकत नाही हे खरं. पण गुळगुळीत टाइलवर साचलेलं पाणी काय कमी पाडतं? मॅट टाइल घ्या, भिंतीला धरायला दांडा लावा, गॅरंटी कोणी देऊ नका.

टाइल लावायच्या आधी एक करा. कोट सुकला की ट्रॅप बंद करून अँगलच्या कडेच्या जरा खालपर्यंत पाणी भरा (टाइल नसल्याने अँगल तेव्हा वर उभा असतो), भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा, २४ तास ठेवा. एक-दोन मिलिमीटर उडून जाईल. त्याहून खाली गेलं, किंवा पॅसेजच्या बाजूला माल ओला दिसला, तर गवंड्याचा हिशोब तिथेच थांबवा आणि आधी दाराचे दोन कोपरे आणि ट्रॅपचं तोंड तपासा, बहुतेक तिथेच सापडतं.