बँक आधी जामीनदाराकडेही येऊ शकते

"कर्जदार मित्राचा ऐरोलीत स्वतःचा फ्लॅट आहे. बँक आधी तो विकून मगच माझ्याकडे येईल ना?"

नाही दादा, तसं बंधन बँकेवर नाही. करारात वेगळं ठरलं नसेल, तर करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. समजा चार लाख थकले. फ्लॅट विकायला वेळ लागतो, तुमचा पगार मात्र दर महिन्याला येतो, म्हणून वसुली तिथूनच सुरू होऊ शकते. पतपेढीचं कर्ज असेल तर वसुली दाखला बहुधा दोघांच्याही नावे निघतो. सगळी थकबाकी तुम्ही फेडलीत, तर कलम १४० प्रमाणे बँकेचे हक्क तुमच्याकडे येतात. पण मित्राविरुद्ध दावा तुम्हालाच लावावा लागतो, आणि हे फार जड जातं. सही झालीच असेल, तर कर्जखात्याचा उतारा मित्राकडून आत्ताच मागून घ्या.